"दुसरी आजी कोण?" : जो-तो लावून वाक्यं जोडण्याआधी



चौथीच्या वर्गात मी 'माझी आजी' हा निबंध दिला होता. एका मुलीने लिहिलं, "माझी आजी मला गोष्टी सांगायची. मागच्या दिवाळीत आजी वारली. आता त्या गोष्टी मी भावाला सांगते." मी वहीत लाल पेनाने शेरा दिला, 'वाक्ये छोटी आहेत. जोडून लिही.' त्याच आठवड्यात वर्गात जो-तो वापरून दोन वाक्यांचं एक वाक्य करायचा पाठ झाला होता. मुलगी शहाणी. दुसऱ्या दिवशी तिने दुरुस्त करून आणलं, "जी आजी मला गोष्टी सांगायची ती मागच्या दिवाळीत वारली." मी बरोबरची खूण केली आणि तिला वर्गात वाचून दाखवायला सांगितलं. तिने वाचलं, आणि मागच्या बाकावरून एका मुलाने अगदी सहज विचारलं, "मग दुसरी आजी कोण गं? ती गोष्टी नाही सांगत का?"

ती गोंधळली. आईची आई तिने कधी पाहिलेलीच नव्हती. तिच्यासाठी आजी एकच होती, आणि ती आता नव्हती. वाक्य मात्र सांगत होतं की आज्या निदान दोन आहेत, आणि त्यातली गोष्टी सांगणारी गेली. व्याकरणात चूक नव्हती. लिंग बरोबर, वचन बरोबर, जी-ती ची जोडी बरोबर. चूक माझ्या शेऱ्यात होती.

त्या दिवसापासून मी हा घटक वेगळ्या क्रमाने शिकवते. माझं मत असं आहे की मुलांना 'जो' शिकवण्याआधी 'कोणता?' हा प्रश्न शिकवला पाहिजे. आपण उलट करतो. आधी मिश्र वाक्य, प्रधान वाक्य, गौण वाक्य अशी नावं देतो, मग जो-तो ची जोडी फळ्यावर लिहितो, आणि मग दिसतील ती दोन वाक्यं जोडायला लावतो. मुलं जोडतातही. पण जोडल्यावर अर्थ बदलला का, हे कोणी विचारत नाही.

मुलांना हे आधीपासून येतं

मुलांच्या बोलण्याकडे नीट कान द्या. "बाई, तुम्ही दिली ती पेन्सिल हरवली." "मी काल आणलं ते पुस्तक कुठंय?" "पळाला तो मुलगा आमच्या वर्गातला नाही." पहिलीतली मुलंसुद्धा असं बोलतात. यातल्या प्रत्येक वाक्यात दोन वाक्यं जोडलेली आहेत. 'तुम्ही पेन्सिल दिली' आणि 'ती पेन्सिल हरवली'. फक्त 'जी' बोलताना गळलेली आहे, 'ती' मात्र जागेवर आहे.

म्हणून मी पहिल्या तासिकेला फळ्यावर व्याख्या लिहीत नाही. मुलांचीच अशी चार-पाच वाक्यं लिहिते आणि विचारते, "कोणती पेन्सिल हरवली?" वर्ग ओरडतो, "तुम्ही दिली ती!" मग मी त्या उत्तराच्या तुकड्यापुढे 'जी' लिहिते. "जी पेन्सिल तुम्ही दिली ती हरवली." मुलांना नवीन काही शिकल्यासारखं वाटत नाही, आणि तेच हवं असतं. बोलीत गळलेला शब्द लिहिताना परत आणला, एवढंच.

म्हणीसुद्धा याच घडणीच्या आहेत. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी.' 'ज्याचं जळतं त्याला कळतं.' 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.' प्रत्येक म्हणीत 'कोण?' किंवा 'कोणाचं?' या प्रश्नाचं उत्तर आधी येतं, आणि तो, त्याला, त्याची हे शब्द मागून येऊन वाक्य पुरं करतात. पालकांनी घरी सुरुवात करायची असेल तर वही-पेन्सिलीशिवाय या म्हणींपासून करावी. म्हणीचा पहिला भाग तुम्ही म्हणा, दुसरा मुलाला म्हणू द्या. 'ज्या'चा आवाज कानावर पडला की 'त्या'ची वाट बघायची सवय कानाला लागते.

एक उदाहरण सावकाश

आता लेखी कामाकडे येऊ. ही दोन वाक्यं घ्या.

एका मुलाने खिडकीची काच फोडली. तो मुलगा पळून गेला.

पहिली पायरी: दोन्ही वाक्यांत सामाईक कोण आहे ते शोधून गोल करा. इथे 'मुलगा'. सामाईक नाम नसेल तर जो-तो लागणारच नाही, तिथेच थांबायचं.

दुसरी पायरी: दोनपैकी ओळख कोणती आणि बातमी कोणती ते ठरवा. ऐकणाऱ्याला जे आधीच माहीत आहे ती ओळख. त्याला जे नव्याने सांगायचं आहे ती बातमी. समजा, काच फुटलेली सगळ्यांना माहीत आहे आणि मुलाचं पुढे काय झालं ते सांगायचं आहे. मग 'काच फोडली' ही ओळख आणि 'पळून गेला' ही बातमी.

तिसरी पायरी: ओळखीचं वाक्य आधी घ्या आणि त्यातल्या सामाईक नामापुढे जो, जी, जे किंवा ज्या लावा. 'ज्या मुलाने खिडकीची काच फोडली'.

चौथी पायरी: बातमीच्या वाक्यात ते नाम परत लिहू नका, त्याच्या जागी तो, ती, ते किंवा त्याचं प्रत्यय लागलेलं रूप ठेवा. 'तो पळून गेला'.

ज्या मुलाने खिडकीची काच फोडली तो पळून गेला.

इथे बरेच जण थांबतात. मी मात्र दुसऱ्या पायरीवर परत येते आणि ओळख व बातमी यांची अदलाबदल करायला सांगते. मग वाक्य होतं, "जो मुलगा पळून गेला त्याने खिडकीची काच फोडली." शब्द जवळजवळ तेच, पण काम वेगळं. पहिलं वाक्य कोण म्हणेल? ज्याला काच फुटलेली माहीत आहे तो. दुसरं कोण म्हणेल? ज्याने एक मुलगा पळताना पाहिला, आणि ज्याला आता कळतंय की हाच तो काच फोडणारा. माझ्या वर्गात मी दोन मुलांना उभं करते. एक होतो मुख्याध्यापक, त्यांनी फुटलेली काच पाहिली आहे. दुसरा होतो फाटकावरचा शिपाई, त्याने पळणारा मुलगा पाहिला आहे. कोणतं वाक्य मुख्याध्यापकांना सांगायचं आणि कोणतं शिपायाला, हे वर्ग ठरवतो. ओळख आणि बातमी हे शब्द त्यानंतर मला पुन्हा समजावून सांगावे लागत नाहीत.

म्हणूनच परीक्षेत नुसतं 'जो-तो वापरून एक वाक्य करा' असं विचारलं असेल तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत असं माझं मत आहे. एकच उत्तर हवं असेल तर प्रश्नात एक ओळ वाढवावी: 'मुख्याध्यापकांना सांगायचं आहे' किंवा 'शिपायाला सांगायचं आहे'.

जो मुलाने की ज्या मुलाने?

मुलांच्या वह्यांत सर्वांत जास्त दिसणारी चूक ही: "जो मुलाने काच फोडली", "जी मुलीला बक्षीस मिळालं". मूल पाठ केल्याप्रमाणे पुल्लिंगाला जो, स्त्रीलिंगाला जी लावतं. ते नामाचं लिंग पाहतं, पण नामाचं शेपूट पाहत नाही.

यासाठी मी एकच नियम देते. नामाला ने, ला, चा, त, वर, खाली असं काही चिकटलं असेल तर पुढे 'ज्या' येणार. मग लिंग कोणतंही असो. जो मुलगा, पण ज्या मुलाने. जी मुलगी, पण ज्या मुलीला. जे झाड, पण ज्या झाडाखाली. अनेकवचनातही तेच: ज्या मुलांनी, ज्या झाडांवर. दुसऱ्या भागातही हाच हिशोब, तो मुलगा पण त्या मुलाला, ती मुलगी पण त्या मुलीला.

एक अडचण मात्र नीट सांगावी लागते. नाम गाळून नुसतं सर्वनाम ठेवलं की एकवचनी स्त्रीलिंगाचं रूप वेगळं होतं. 'ज्या मुलीला बक्षीस मिळालं' हे बरोबर, आणि मुलगी शब्द काढला तर 'जिला बक्षीस मिळालं'. 'ज्या मुलीने' पण 'जिने'. 'त्या मुलीचा' पण 'तिचा'. पुल्लिंगात आणि नपुंसकलिंगात हा घोळ होत नाही, कारण ज्या मुलाला आणि ज्याला, दोन्हींत 'ज्या'च आहे. त्यामुळे मूल 'ज्याला' वरून 'ज्या मुलीला बक्षीस मिळालं त्याला टाळ्या वाजवा' असं लिहून बसतं. अशी चूक दिसली की लाल रेघ मारण्याआधी मुलाला बोलून दाखवायला सांगा. बहुतेक वेळा तोंडातून 'तिला' आपोआप येतं. कानाला माहीत असतं, हात विसरतो.

मागचा 'तो' हरवला तर

दुसरी चूक मला इंग्रजी आणि सेमी-इंग्रजीच्या मुलांत जास्त दिसते. "तो मुलगा, ज्याने काच फोडली, पळून गेला." हे वाक्य कळतं. कधीकधी छापील मजकुरातही दिसतं. मी त्याला चूक म्हणून काट मारत नाही. पण ही मांडणी इंग्रजीची आहे. तिथे नाम आधी येतं, त्याची ओळख मध्ये घुसते आणि वाक्य पुढे जातं. मराठीची स्वतःची चाल वेगळी आहे. ओळख पूर्ण करून घ्यायची, मग 'तो' म्हणून हात धरायचा आणि बातमी सांगायची.

मुलाला दोन्ही चालींची सरमिसळ झाली की खरी चूक होते. "ज्या मुलाने काच फोडली पळून गेला." इंग्रजीत जोडायला एकच शब्द लागतो, म्हणून मूल 'ज्या' लावून मोकळं होतं, आणि मागचा 'तो' राहून जातो. मोठ्याने वाचलं की वाक्य मध्येच खड्ड्यात गेल्यासारखं वाटतं. तिथे बोट ठेवायला सांगा आणि विचारा, "कोण पळून गेला?" मूल 'तो' म्हणतं आणि खड्डा भरतो. मी मुलांना सांगते, वाक्यात 'ज' आला की 'त' चं येणं बाकी आहे. वाक्य संपायच्या आत 'त' आला पाहिजे.

कधी जोडायचं नाही

आता आजीकडे परत येऊ. चार पायऱ्या मुलीने अचूक केल्या होत्या. मग बिघडलं कुठे?

जो-तो ची घडण मुळात निवड करणारी आहे. 'ज्या मुलाने काच फोडली तो' म्हणजे अनेक मुलांतला तो एक. 'जी पेन्सिल तुम्ही दिली ती' म्हणजे इतर पेन्सिली आहेत, त्यांतली ती. ऐकणाऱ्याच्या मनात 'कोणता?' हा प्रश्न असतो आणि 'जो' चं वाक्य त्याचं उत्तर असतं. जिथे 'कोणता?' हा प्रश्नच उठत नाही, तिथे हे उत्तर देऊन आपण नसलेला प्रश्न उभा करतो. आजी एकच असेल तर 'कोणती आजी?' असं कोणी विचारणार नाही. आपण 'जी आजी' म्हटलं की दुसरी आजी आपोआप तयार होते.

सरावपुस्तिकांत मिळणारी काही वाक्यं या कसोटीवर तपासून बघा. "सूर्य पूर्वेला उगवतो. सूर्य आपल्याला प्रकाश देतो. जोडा." उत्तर: "जो सूर्य पूर्वेला उगवतो तो आपल्याला प्रकाश देतो." म्हणजे पश्चिमेला उगवणारा दुसरा सूर्य आहे आणि तो प्रकाश देत नाही! सूर्य, चंद्र, आई, बाबा, स्वतःचं गाव, माणसाचं विशेषनाम, अशी एकमेव नामं जो-तो च्या सरावाला घेऊच नयेत.

अशा ठिकाणी जोडायचंच असेल तर मराठीत दुसरी सोय आहे. क्रियापदाला णारा किंवा लेला लावून त्याचं विशेषण करायचं. "पूर्वेला उगवणारा सूर्य आपल्याला प्रकाश देतो." इथे दुसरा सूर्य डोकावत नाही. "मला गोष्टी सांगणारी माझी आजी मागच्या दिवाळीत वारली." इथेही दुसरी आजी येत नाही. पण खरं सांगू का, त्या निबंधात मुलीची मूळ दोन वाक्यंच चांगली होती. 'मागच्या दिवाळीत आजी वारली' या बातमीला स्वतःचं पूर्ण वाक्य हवं होतं. मी वहीतला माझा शेरा खोडला आणि खाली लिहिलं, 'तुझी पहिली वाक्येच ठेव.'

आता वर्गात आमची एक कसोटी ठरलेली आहे. जोडलेलं वाक्य बाकावरच्या जोडीदाराला वाचून दाखवायचं. जोडीदाराने एकच प्रश्न विचारायचा, "आणि दुसरा कोण?" किंवा "दुसरी कोणती?" त्याला खरं उत्तर असेल तर वाक्य पास. उत्तर नसेल, हसू आलं, तर वाक्य परत तोडायचं. "ज्या मुलीला बक्षीस मिळालं ती आमच्या वाडीतली आहे." दुसऱ्या कोण? बाकीच्या स्पर्धेतल्या मुली. पास. "जे माझे बाबा आहेत ते शेतकरी आहेत." दुसरे बाबा कोण? नापास.

सरावासाठी तीन परिच्छेद

सुटी वाक्यं देण्यापेक्षा परिच्छेद द्यावा असं मला वाटतं, कारण 'कोणता?' हा प्रश्न उठतो की नाही हे आजूबाजूच्या वाक्यांवरूनच कळतं. तीन परिच्छेद देते. दिवसाला एक पुरे. प्रत्येकात काही वाक्यं न जोडता तशीच ठेवायची आहेत, हे मुलांना आधी सांगा.

परिच्छेद १ (सोपा): आमच्या गावात सोमवारी बाजार भरतो. बाजारात दोन भाजीवाल्या बसतात. एक भाजीवाली वडाखाली बसते. तिची भाजी ताजी राहते. दुसरी भाजीवाली रस्त्याच्या कडेला बसते. तिच्या भाजीवर धूळ बसते. माझी आई वडाखालच्या भाजीवालीकडून भाजी घेते.

नमुना उत्तर: आमच्या गावात सोमवारी बाजार भरतो. बाजारात दोन भाजीवाल्या बसतात. जी भाजीवाली वडाखाली बसते तिची भाजी ताजी राहते. जी रस्त्याच्या कडेला बसते तिच्या भाजीवर धूळ बसते. म्हणून माझी आई वडाखालच्या भाजीवालीकडून भाजी घेते.

पहिली दोन वाक्यं तशीच राहिली. 'दोन भाजीवाल्या बसतात' हे आधी सांगितलं म्हणूनच पुढे 'जी' म्हणता आलं. मुलांना ते वाक्य झाकून बाकीचं वाचायला सांगा, काय गैरसोय होते ती कळेल.

परिच्छेद २ (प्रत्ययांसह): आमची सहल किल्ल्यावर गेली. वर जायला दोन वाटा होत्या. एका वाटेने मोठी मुलं गेली. ती वाट उभ्या चढाची होती. दुसऱ्या वाटेने आम्ही गेलो. त्या वाटेवर पायऱ्या होत्या. काही मुलांनी पाण्याच्या बाटल्या आणल्या नव्हत्या. त्या मुलांना सरांनी आपलं पाणी दिलं. किल्ल्यावर पाण्याची तीन टाकी होती. एका टाक्याजवळ आम्ही डबा खाल्ला. त्या टाक्यात मासे होते.

नमुना उत्तर: आमची सहल किल्ल्यावर गेली. वर जायला दोन वाटा होत्या. ज्या वाटेने मोठी मुलं गेली ती उभ्या चढाची होती. ज्या वाटेने आम्ही गेलो तिच्यावर पायऱ्या होत्या. ज्या मुलांनी पाण्याच्या बाटल्या आणल्या नव्हत्या त्यांना सरांनी आपलं पाणी दिलं. किल्ल्यावर पाण्याची तीन टाकी होती. ज्या टाक्याजवळ आम्ही डबा खाल्ला त्यात मासे होते.

इथे तीन ठिकाणी मुलं अडखळतात. 'जी वाटेने' लिहितात, 'ज्या वाटेने' हवं. 'तिच्यावर' च्या जागी 'त्याच्यावर' लिहितात, वाट स्त्रीलिंगी आहे हे विसरून. 'त्या वाटेवर पायऱ्या होत्या' असं नाम परत घेतलं तर चूक धरू नका, तेही शुद्ध आहे. आणि 'जे मुलांनी' लिहितात. तिन्ही ठिकाणी शेपटाचा नियम परत वाचून घ्या.

परिच्छेद ३ (जोडायचं की नाही?): माझे बाबा एसटीत कंडक्टर आहेत. बाबा पहाटे चार वाजता उठतात. बाबांकडे दोन डबे आहेत. एका डब्यात आई भाकरी देते. तो डबा पितळेचा आहे. काल एका प्रवाशाची पिशवी गाडीत राहिली. त्या प्रवाशाला बाबांनी फोन केला. पिशवीतल्या वहीत त्याचा नंबर होता.

नमुना उत्तर: माझे बाबा एसटीत कंडक्टर आहेत, म्हणून ते पहाटे चार वाजता उठतात. बाबांकडे दोन डबे आहेत. ज्या डब्यात आई भाकरी देते तो पितळेचा आहे. काल एका प्रवाशाची पिशवी गाडीत राहिली. पिशवीतल्या वहीत त्याचा नंबर होता, म्हणून बाबांनी त्याला फोन केला.

पहिल्या दोन वाक्यांत सामाईक नाम 'बाबा' आहे, पण बाबा एकच, म्हणून जो-तो नाही. तिथे कारणाचं नातं आहे, ते 'म्हणून' ने दाखवलं. डबे दोन आहेत, म्हणून 'ज्या डब्यात' चाललं. प्रवाशाचं काय? "ज्या प्रवाशाची पिशवी गाडीत राहिली त्याला बाबांनी फोन केला" हे वाक्य शुद्ध आहे, आणि 'दुसरे कोण?' ला उत्तरही आहे, बाकीचे प्रवासी. तरी मी ते इथे घेणार नाही. पिशवी राहिली हीच या परिच्छेदातली मोठी घटना आहे आणि वाचणाऱ्याला ती आपण पहिल्यांदाच सांगतो आहोत. तिला 'जो' च्या वाक्यात टाकलं तर ती जुनी, माहीत असलेली गोष्ट होऊन बसते. हे दुसऱ्या पायरीत सापडतं: दोन्ही वाक्यं बातमीच असतील तर त्यांतल्या एकीची ओळख करू नका. या उत्तरावर वर्गात मतभेद होतील. होऊ द्या. कोणी जोडलं आणि कारण सांगितलं की 'आईला पिशवीचं आधीच माहीत होतं, बाबा तिला पुढचं सांगत होते', तर त्या मुलाला पूर्ण गुण द्या. त्याला नियम कळलेला आहे.

तपासताना

शेवटी वह्या तपासण्याबद्दल. मी आता 'वाक्ये छोटी आहेत' हा शेरा लिहीत नाही. त्याऐवजी ज्या दोन वाक्यांत तेच नाम दोनदा आलं आहे आणि तशा वस्तू किंवा माणसं अनेक आहेत, त्या दोन वाक्यांच्या मध्ये समासात पेन्सिलीने फक्त 'कोणता?' लिहिते. मुलाने ठरवायचं. जोडून आणलं तर मी 'दुसरा कोण?' विचारते. न जोडता आणलं तर कारण विचारते. पालकांनीही गृहपाठ बघताना एवढंच केलं तरी पुष्कळ होईल. वाक्य किती लांब झालं ते मोजू नका, मोठ्याने वाचून घ्या.

त्या मुलीच्या वहीत निबंधाचं शेवटचं वाक्य तिने नंतर स्वतःच बदललं होतं. आधी तिने लिहिलं होतं, "आता त्या गोष्टी मी भावाला सांगते." नवीन वाक्य होतं, "ज्या गोष्टी आजी मला सांगायची त्या आता मी भावाला सांगते." बाकावरच्या मैत्रिणीने विचारलं, "दुसऱ्या कोणत्या?" ती म्हणाली, "पुस्तकातल्या. त्या मी नाही सांगत."

वाक्य पास.